केटलमधलं अंडं: कधी कच्चं, कधी दगड, आणि केटल बंदच होत नाही

रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळ माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, गिझर आणि केटल. आसपास हॉस्टेलं बरीच, त्यामुळे केटल जास्त. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या केटलना एक ठरलेला वास असतो. झाकण उघडायच्या आधीच मला कळतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा मेसमध्ये मासा नाही. मग श्रावण लागतो, तेव्हा अंडंसुद्धा नाही. वयात आलेली पोरं दोन वेळा वरण-भात आणि दुधीवर किती दिवस काढणार? कोपऱ्यावरच्या दुकानातून चार अंडी येतात, रात्री दाराला कडी लागते आणि चहाच्या केटलमध्ये अंडी पडतात. सकाळी केटल माझ्याकडे.

एकच बिघाड इतक्या वेळा पाहिलाय की एकदा सगळं लिहून टाकावं म्हटलं.

तक्रारी काय असतात

पोरं काउंटरवर जे सांगतात, तेच त्यांच्या शब्दांत देतो.

- "टक करून बंद झाली, अंडं सोललं तर आत शेंबूड."
- "काल कच्चं राहिलं म्हणून आज जास्त ठेवलं, तर बलकाला हिरवं-काळं कडं आलं. विषारी आहे का?"
- "अंडं तडकलं, पाण्यावर फेस आला."
- "पाणी खळाखळा उकळतंय, पण केटल बंदच होत नाही."
- "चहाला वास येतो." (हे बहुतेक रूमपार्टनर सांगतो.)
- "केटल लावली की अख्ख्या मजल्याची लाईट जाते."

पहिल्या दोन तक्रारींत केटलचा काही दोष नसतो, चुकलेली असते ती वेळ. तडकलेल्या अंड्यापासून चहाच्या वासापर्यंतचं बहुतेक घरच्या घरी निस्तरता येतं. शेवटची मात्र घरी बघायची नाही. ती का, ते पुढे येईलच.

त्या रात्री काय झालं

उदाहरण घरचंच देतो. भाचा राजापूरचा, इथे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या श्रावणात एका सकाळी आठ वाजता, मी शटर वर करतोय तोवर हा पिशवी घेऊन दारात. "मामा, आधी शपथ घे आईला सांगणार नाहीस."

रात्री साडेदहाला रेक्टर सरांची फेरी होऊन गेली. बाहेर पाऊस. रूमपार्टनरचा श्रावण कडक, पण दोस्ती त्याहून कडक, म्हणून त्याने दाराच्या फटीला टॉवेल लावून दिला. केटलचा निळा दिवा अंधारात खिडकीतून दिसू नये म्हणून त्यावर बँडेडची पट्टी चिकटवली होती. ती पट्टी केटल माझ्याकडे आली तेव्हाही तशीच होती. दीड लिटरची, १५०० वॅटची साधी स्टीलची केटल. आत चार अंडी आणि ती बुडतील इतकं पाणी, साधारण पाऊण लिटरला थोडं कमी.

एरवी तेवढं पाणी तीन मिनिटांत उकळतं. त्या रात्री ट्यूब मिणमिणत होती, त्यामुळे साडेचार मिनिटं लागली. टक झालं. याला वाटलं, झालं. थोडं पाणी बादलीत ओतलं, एक अंडं काढलं, टेबलाच्या कडेवर आपटलं. टवका उडाला आणि बोटांवर पांढरं ओघळलं. मग त्याने जे केलं तिथून पुढचं सगळं सुरू झालं: फुटलेलं अंडं परत केटलमध्ये सोडलं, बटण दाबलं, आणि आता लक्ष ठेवायचं म्हणून झाकण अर्धवट उघडं ठेवलं. मग मोबाईल घेऊन पलंगावर आडवा झाला.

जाग आली ती फाटकन झालेल्या आवाजाने. सव्वाअकरा वाजून गेले होते. केटलमध्ये पाण्याचा थेंब नव्हता, एक अंडं फुटून पार झाकणापर्यंत उडालेलं, तळाला पिवळं-तपकिरी काहीतरी करपत होतं. घाबरून याने तांब्याभर गार पाणी ओतलं. चर्रकन वाफ वर आली, दोन बोटं भाजली. वास टॉवेलला कुठला ऐकतोय! पाच मिनिटांत दारावर टकटक, आणि सरांनी फक्त एवढंच विचारलं, "श्रावण कुणाचा चाललाय या खोलीत?"

आता तपासणी. सगळ्यात सोप्या आणि फुकटच्या गोष्टीपासून सुरुवात करू.

आधी घड्याळ

केटल अंडं मोजत नाही, ती वाफ मोजते. पाणी उकळलं की वाफ झाकणाच्या मागच्या भोकातून मुठीतल्या नळीने खाली जाते आणि एका पातळ बायमेटल चकतीला लागते. दोन धातूंची ती चकती तापून उलटी वाकते आणि स्विच पाडते. तोच टक. म्हणजे टकचा अर्थ एवढाच की पाण्याची वाफ झाली. अंड्याच्या पोटात काय चाललंय याची तिला खबर नसते.

अंड्याचं पांढरं साठच्या थोडं वर गेल्यावर धरायला लागतं, बलक पासष्ट ते सत्तरच्या दरम्यान. पण पाणी शंभरला पोचलं त्या क्षणी बलकाच्या मध्यापर्यंत उष्णता गेलेलीच नसते, कारण ती कवचातून आणि पांढऱ्यातून सावकाश आत शिरते. तीन मिनिटांत पाणी उकळणाऱ्या केटलमध्ये टकच्या वेळी अंडं बाहेरून कढत आणि आतून कच्चं असणारच. भाच्याचं पहिलं अंडं अगदी वेळेवर कच्चं निघालं म्हणा ना.

म्हणून वेळ टकपासून मोजायची. चार अंडी, त्यांच्यावर बोटाचं एक पेर पाणी, झाकण गच्च बंद. टक झालं की मोबाईलवर टायमर लावा आणि झाकणाला हात लावू नका. आठ मिनिटांनी बलक मध्ये ओलसर असतो, बारा ते चौदा मिनिटांत घट्ट होतो. हॉस्टेलवर मी घट्टच खा म्हणतो. ती अंडी किती दिवस उन्हा-दमटात पडली होती हे कुणाला ठाऊक नसतं, आणि कच्च्या अंड्यातला साल्मोनेला पोट धरायला लावतो.

केटल बंद असताना अंडं कसं शिजतं, हा प्रश्न दर वेळी येतो. उकळतं पाणी लगेच गार होत नाही. पाऊण लिटर पाण्यात चार अंडी असली तर अंडी उष्णता शोषून घेऊनसुद्धा पाणी नव्वदच्या आसपास राहतं आणि मग हळूहळू उतरतं, तेवढ्यावर काम होतं. पण अर्ध्या लिटरमध्ये सहा अंडी कोंबली तर पाणी ऐंशीच्या घरात येतं आणि चौदा मिनिटांनीही बलक वाहतो. "वेळ तीच, तरी आज कच्चं का" याचं निम्म्या वेळा हेच उत्तर असतं. अंडी जास्त असतील तर मध्येच, साधारण सहा-सात मिनिटांनी, बटण एकदा परत दाबा. थोड्या वेळात परत टक होईल. टक झाल्या झाल्या लगेच दाबलं तर बटण टिकत नाही, खाली पडतं. तो बिघाड नाही, आतली चकती अजून गरम असते.

दुसरी निम्मी उत्तरं लाईटकडे असतात. पावसाळ्यात संध्याकाळी आपल्याकडे व्होल्टेज कसं असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. केटलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडते. २३० ऐवजी १९० मिळालं तर १५०० वॅटची केटल जेमतेम हजार वॅटची उरते आणि पाणी उकळायला दीडपट वेळ घेते. तेवढा जास्त वेळ अंडी तापत्या पाण्यात असतात. त्यामुळे बटण दाबल्यापासून मोजणाऱ्याचं गणित रोज वेगळं निघतं. टकपासून मोजणाऱ्याचं फार तर मिनिटभर चुकतं. तुमच्या केटलला एरवी किती मिनिटं लागतात ते एकदा नीट मोजून ठेवा. नंतर कधी जास्त लागली तर व्होल्टेज बसलंय हे मीटर नसतानाही कळतं.

जाता जाता एक. महाबळेश्वरकडच्या एका पोराने मला पटवायचा प्रयत्न केला की घरी त्याला जास्त वेळ लागतो आणि इथे अंडी लवकर शिजतात, म्हणजे रत्नागिरीची अंडीच वेगळी. अंडी तीच. वर घाटात हवेचा दाब कमी, पाणी चार-पाच अंश आधीच उकळतं. इथे समुद्राच्या पातळीला पूर्ण शंभर.

अंडं फोडायच्या आधी फिरवा

अंडं टेबलावर आडवं ठेवून भोवऱ्यासारखं फिरवा. आत घट्ट असेल तर एका दमात सरळ फिरतं. आत पातळ असेल तर डुगडुगतं, लवकर थांबतं, आणि बोटाने क्षणभर अडवून सोडलं तर परत आपोआप थोडं फिरतं, कारण आतला रस अजून फिरतच असतो. अर्धवट शिजलेल्याला ही खूण फसवते, पण साफ कच्चं असेल तर चुकत नाही.

एवढं पाच सेकंदांचं काम भाच्याने केलं असतं तर टवका उडाला नसता. आणि समजा उडालाच, तर फुटलेलं अंडं परत केटलमध्ये टाकायचं नाही. ते वाटीत फोडा, मेसवाल्या काकूंना द्या, नाहीतर सरळ टाका. सात-आठ रुपयांच्या अंड्यासाठी केटल जाते.

हिरव्या कड्याचं एका वाक्यात सांगतो. जास्त शिजल्यावर पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ते कडं बनतं. विषारी नाही, चवीला मात्र भुसभुशीत. रेक्टर सरांपर्यंत पोचतो तो वासही त्याच गंधकाचा. ते टाळायचं तर वेळ झाली की अंडी लगेच गार पाण्यात सोडा, नाहीतर ती काढल्यावरही आतल्या आत शिजत राहतात.

झाकण आणि पाणी

"बंदच होत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या केटलपैकी बऱ्याच केटल माझ्या टेबलावर झाकण लावून पहिल्याच झटक्यात बंद होतात. पोरगं अवाक होऊन बघत राहतं. कारण साधं आहे: त्याने खोलीवर झाकण उघडं ठेवलेलं असतं. उघड्या तोंडातून वाफ वर निघून जाते, मुठीतल्या नळीत शिरतच नाही, चकती तापत नाही, टक होत नाही. केटल अव्याहत उकळत राहते.

किती वेळ? अर्धा लिटर उकळतं पाणी १५०० वॅटवर साधारण साडेबारा मिनिटांत पूर्ण उडून जातं. भाच्याच्या त्या मिणमिणत्या रात्री अठरा-एकोणीस मिनिटं लागली असणार. पलंगावर डोळा लागायला तेवढी पुरतात.

पाणी संपलं की तळाखालचं दुसरं संरक्षण काम करतं. तळ फार तापला की तिथली पट्टी करंट तोडते. पण पुष्कळ साध्या केटलमध्ये तळ थोडा निवला की ती परत जोडली जाते, आणि वरचं बटण चालूच असतं. तळ परत तापतो, परत तुटतो. कोरड्या तळावर अंडी अशी भाजत राहिली की आतली वाफ कवच फोडते. फाटकन आवाज झाला तो तिथे. काही केटलमध्ये त्याऐवजी एक फ्यूज कायमचा उडतो आणि केटल मुकी होते. ती खरं तर नशीबवान.

तेव्हा झाकण बसल्यावर खटका लागतो का बघा. झाकणाच्या कडेला कवचाचा तुकडा अडकला तरी फट राहते. पाणी अंड्यांच्या वर हवं, पण आतल्या मॅक्सच्या रेघेच्या खाली. त्या रेघेच्या वर गेलं तर उकळताना चोचीतून उडून बेसवर सांडतं.

कोरड्या तापलेल्या केटलमध्ये गार पाणी ओतू नका. आधी प्लग काढा, केटल बेसवरून उचलून फरशीवर ठेवा आणि अर्धा तास विसरून जा. ओतलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तुमच्या हातावर येतं आणि तळाचा पत्रा वाकतो. वाकलेल्या तळाची केटल नंतर कधी धड चालत नाही.

फेस, आणि त्या फेसाने बुजलेलं भोक

झाकण नीट लावूनही केटल बंद होत नसेल तर झाकण उलटं करून उजेडात धरा. आतल्या बाजूला, मुठीकडे, एक बारीक भोक किंवा जाळी दिसेल. भाच्याच्या केटलमध्ये त्यावर पिवळसर पापुद्रा चढला होता, वाळलेल्या गोंदासारखा. नखाने उचकटला तर एका तुकड्यात निघाला, भोकाचा ठसा त्याच्यावर स्पष्ट उठलेला.

हा पापुद्रा अंड्याच्या पांढऱ्याचा. तडकलेल्या अंड्यातून पांढरं पाण्यात आलं की उकळीबरोबर दुधासारखा फेस वर चढतो, भोकात शिरतो आणि तिथेच शिजून बसतो. पुढच्या वेळी वाफेला वाट नसते. हा बिघाड फसवा आहे, कारण तो त्या रात्री दिसत नाही. चार दिवसांनी कुणीतरी निर्धास्तपणे चहाचं पाणी लावून आंघोळीला जातो तेव्हा दिसतो.

साफ करताना पहिलं पाणी गार घ्या. गरम पाण्याने उरलंसुरलं पांढरं आणखी शिजून घट्ट होतं. मऊ टूथब्रश, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, भोकात ब्रशचे केस फिरवा. सुई खुपसू नका, आतली नळी प्लॅस्टिकची असते. तळाला करपलेलं असेल तर अर्धी केटल पाण्यात दोन लिंबं पिळा किंवा चमचाभर लिंबूफूल टाका, उकळा, तासभर ठेवा, मग लाकडी चमच्याने खरवडा. तारेच्या घासणीने स्टीलवर चरे पडतात आणि पुढच्या वेळी तिथेच जास्त चिकटतं. किनाऱ्याजवळच्या विहिरीच्या मचूळ पाण्याने तळाला जो पांढरा थर बसतो तोही याच लिंबाने निघतो. मग दोनदा साधं पाणी उकळून फेका. हे सगळं करताना केटल नळाखाली आडवी धरायची नाही. खालच्या गोल कनेक्टरमध्ये पाणी गेलं तर पुढचं काम माझं.

फेस मुळातच येऊ नये यासाठी अंडी गार पाण्यात सोडा, उकळत्या पाण्यात नको. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते. एकदम तापवलं तर ती हवा फुगून कवच तडकवते. अंडी वरून टाकू नका. केटल बेसवरून उचला, तिरकी करा, एकेक अंडं भिंतीवरून घरंगळत सोडा, मग पाणी भरा. काही जण मीठ घालायला सांगतात, कारण मिठाने गळणारं पांढरं पटकन धरतं. पातेल्यात ठीक आहे. केटलमध्ये मी नको म्हणतो, मीठ तळाशी साचून स्टीलला बारीक खड्डे पाडतं.

आणि ज्या केटलमध्ये अंडी उकडली तिच्यात चहा नको. कवचावर काय काय चिकटलेलं असतं ते ज्याने कोंबड्या पाळल्यात त्याला विचारा. भाच्याच्या रूमपार्टनरने त्यानंतर स्वतःची वेगळी केटल घेतली. तो म्हणतो श्रावणामुळे. मला कारण माहीत आहे.

प्लग आणि बोर्ड, फक्त डोळ्यांनी

इथपर्यंत केटल. आता भिंतीकडे बघा, हात न लावता.

१५०० वॅटची केटल २३० व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर खेचते. पलंगाशेजारचं लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं. म्हणजे एकटी केटलच त्याच्या मर्यादेबाहेर. त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डावर लॅपटॉप, दोन चार्जर आणि इस्त्री. वायर गरम होते, प्लॅस्टिक मऊ पडतं. हॉस्टेलवर केटल बंदी असते ती याच हिशेबाने. अंड्याचा राग कुणाला नसतो. जाड पिनांचं, सोळा अँपिअरचं सॉकेट खोलीत नसेल तर त्या खोलीत केटल लावू नये, चहासाठीही नाही. मेसच्या गॅसवर चार अंडी उकडून मागा. श्रावणात नाही म्हणतील, पण बाकीचे अकरा महिने आहेत.

केटल चालवून झाल्यावर प्लग काढून पिना बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पितळी पिनांवर हिरवट-काळा थर चढतो. थर चढला की जोड सैल बसतो, सैल जोड तापतो. प्लग काढताना तो हाताला चटका देण्याइतका गरम लागला, किंवा पिनेच्या मुळाशी प्लॅस्टिक तपकिरी झालेलं दिसलं, तर तिथेच थांबा.

इथे थांबायचं

यातलं काहीही दिसलं तर केटल उघडायची नाही आणि परत लावूनही बघायची नाही.

केटलला किंवा तिच्यातल्या पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या. केटल लावली की ईएलसीबी पडतो. एमसीबी एकदा पडला, वर केला, परत पडला. बेसवर पाणी सांडून आत गेलं. जळक्या प्लॅस्टिकचा वास. केटल कोरडी तापून तळ फुगला. भोक साफ, झाकण बंद, तरी टक होत नाही.

यातल्या ईएलसीबीबद्दल दोन शब्द. एमसीबी जास्त लोड झाला किंवा शॉर्ट झालं तर पडतो. ईएलसीबी करंट जिथे जायचा तिथे न जाता भलतीकडे, बहुधा अर्थिंगला, गळतोय म्हणून पडतो. हॉस्टेलवर तो बहुतेक ३० मिलिअँपिअरला पडणारा असतो. कोरडी तापून गेलेल्या केटलमध्ये कॉइलच्या भोवतीच्या नळीला चीर जाते, पावसाळ्याची दमट हवा तीत शिरते आणि गळती सुरू होते. त्या वेळी स्विचला काडी लावून तो वर धरून ठेवणारी पोरं मी पाहिली आहेत. त्या काडीमुळे मरायची वेळ येते. अर्थिंग नसलेल्या जुन्या बोर्डावर तर ही गळती कशालाच कळत नाही, फक्त तुमच्या हाताला कळते.

बोर्डाचं काम असेल तर हॉस्टेलच्या वायरमनला बोलवा, म्हणजे रेक्टर सरांना सांगावंच लागेल. बोलणी खा. केटलचं काम असेल तर दुरुस्तीच्या दुकानात न्या. मी आधी मेगर लावून गळती बघतो, मग स्विच, मग तळाची पट्टी. कॉइल गेली असेल तर स्पष्ट सांगतो की दुरुस्तीपेक्षा नवी घे. भाच्याच्या केटलला गळती निघाली. मी बेसची वायर कापून ठेवली, म्हणजे कुणी उचलून नेली तरी लावता येणार नाही.

दुकानात गेलात की "आपोआप बिघडली" म्हणू नका. अंडी उकडली होती, कोरडी तापली होती, गार पाणी ओतलं होतं, हे सांगितलंत तर मी पहिल्या पाच मिनिटांत नेमकं तिथेच बघतो. नाहीतर आधी वायर, मग स्विच, मग बेस असा अर्धा तास जातो आणि त्याचे पैसे तुम्हीच देता. लाजायचं कारण नाही, वास आम्हाला येतोच.